पिन ढिली, की पिनेत कचरा?

फोन चार्जिंगला लावला, उशाशी ठेवला आणि सकाळी पाहिलं तर बॅटरी रात्री होती त्याहून कमी. केबल जागच्या जागीच दिसते, पण आतून सुटलेली. मग तिला कोनात धरायचं, खाली पुस्तक सरकवायचं, रबर लावायचं असे उद्योग सुरू होतात. चार दिवसांनी माणूस कंटाळून दुकानात जातो आणि स्वतःच निदान सांगून मोकळा होतो : ‘पिन ढिली झालीय, बदलून द्या.’

हे निदान बऱ्याचदा चुकतं. केबल निसटण्याची मुख्य कारणं तीन : फोनच्या पोर्टात तळाशी दाबून बसलेला कचरा, केबलच्या टोकातली झिजलेली स्प्रिंग आणि खुद्द पोर्टची झीज किंवा मोडतोड. पहिल्याला फुकटात उतारा आहे, दुसऱ्याला नवी केबल पुरते आणि तिसऱ्यासाठीच फक्त फोन उघडावा लागतो. त्यामुळे कोणतं कारण आहे हे घरच्या घरी ओळखता आलं, तर बरेचसे पैसे आणि एक हेलपाटा वाचतो.

झिजणारा भाग कुठे असतो?

आजच्या बहुतेक फोनना टाइप-सी पोर्ट असतो. 2014 साली हे मानक जाहीर झालं. फोनच्या खालच्या कडेला दिसणारं ते लांबट गोल भोक साधारण सव्वाआठ मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच असतं. टॉर्च लावून आत पाहिलं, तर मधोमध एक पातळ काळी पट्टी दिसते. तिच्या वर आणि खाली सोन्याचा मुलामा दिलेले सपाट ठिपके असतात, दोन्ही बाजूंना बारा-बारा, एकूण चोवीस. केबलचं धातूचं तोंड या पट्टीभोवती बसतं.

आता खरी गंमत पाहा. फोनमधले ठिपके सपाट आणि स्थिर असतात. त्यांना दाबून धरणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात त्या केबलच्या तोंडात. केबल जागेवर अडकवून ठेवणारे दोन चिमटेसुद्धा केबलमध्येच असतात. केबल पूर्ण आत गेली, की हे चिमटे मधल्या पट्टीच्या दोन्ही कडांना असलेल्या खाचांत बसतात आणि बोटांना हलकासा ‘टिक्’ जाणवतो. लवचीक भाग आधी थकतो. म्हणून तो मुद्दाम शे-दोनशे रुपयांच्या केबलमध्ये ठेवला आणि महागड्या फोनमध्ये न थकणारा भाग ठेवला. आयफोनच्या जुन्या लाइटनिंग पोर्टात, म्हणजे 2012च्या आयफोन 5पासून आयफोन 14पर्यंत, हे उलटं होतं. तिथे केबलचं टोक सपाट आणि स्प्रिंगा फोनच्या आत.

टाइप-सीच्या मानकाप्रमाणे ही जोडी दहा हजार वेळा घालून-काढूनही टिकली पाहिजे. दिवसातून तीनदा फोन चार्जिंगला लावला, तरी दहा हजाराचा आकडा गाठायला नऊ वर्षं लागतात. फोन इतकी वर्षं वापरतो कोण? अर्थात ही चाचणी स्वच्छ जागी, केबल सरळ घालून-काढून होते. आपण लोळत, केबल मुडपून गेम खेळतो, तो ताण वेगळाच. तरीही दीड-दोन वर्षांचा फोन केबल धरेनासा झाला, तर पहिला संशय झिजेवर घेऊ नये. आधी कचरा पाहावा, मग केबल.

मानकातला आणखी एक आकडा उपयोगाचा आहे. नवी केबल नव्या पोर्टातून ओढून काढायला निदान 8 न्यूटन जोर लागला पाहिजे, म्हणजे साधारण आठशे ग्रॅम वजनाची ओढ. दहा हजार वेळा वापरून झाल्यावरही निदान 6 न्यूटन, म्हणजे सहाशे ग्रॅम. फोनचं वजन असतं दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे निरोगी पोर्ट आणि धड केबल असेल, तर केबलच्या टोकाला धरून फोन उलटा टांगला तरी तो पडता कामा नये. ही परीक्षा गादीवर, चार बोटं उंचीवरून करून पाहा. स्वतःच्या वजनानेच फोन गळून पडत असेल, तर चिमटे खाचांत बसत नाहीत हे नक्की. का बसत नाहीत, तेवढंच शोधायचं उरतं.

कचरा नेमकं काय करतो?

खिशात, पर्समध्ये, उशीखाली कापडाचे बारीक तंतू सुटत असतात. ते पोर्टात शिरतात. नुसते शिरून थांबले असते तर झटकून निघाले असते. पण आपण रोज केबल घालतो आणि तिच्या तोंडाने ते तळाशी ठासतो. त्यात घाम, धूळ, पावडर मिसळते. काही महिन्यांत तळाशी नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. वरून फुंकर मारली तरी तो हलत नाही आणि नुसत्या डोळ्यांना तो पोर्टचा तळच वाटतो. कचरा नाही, असं माणसं छातीठोकपणे सांगतात ते यामुळेच.

केबलचं धातूचं तोंड साडेसहा मिलिमीटरांहून थोडं जास्त लांब असतं आणि ते जवळजवळ सगळंच आत जायला हवं. तळाशी मिलिमीटरभर थर असला, की केबल तेवढीच बाहेर राहते. चिमटे खाचांपर्यंत पोचत नाहीत, मग केबलला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. धक्का लागला की ती निसटते.

चार्जिंगही विचित्र वागू लागतं, त्याचंही कारण इथेच आहे. चोवीस ठिपक्यांपैकी वीज आणणारे आणि परत नेणारे ठिपके मुद्दाम थोडे लांब ठेवलेले असतात, म्हणजे केबल घालताना ते आधी जुळतात. चार्जर आणि फोन एकमेकांशी बोलतात ती सीसी नावाची ओळ जरा मागून जुळते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर ही ओळ जुळल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. त्यामुळे केबल अर्धवट बसली, की वीज नेणारे ठिपके जुळूनही फोन ढिम्म राहतो. कधी जोडणी लागते-तुटते आणि चार्जिंगचा आवाज पुन्हा पुन्हा वाजतो, कधी फास्ट चार्जिंग जाऊन साधं चार्जिंग उरतं.

यातूनच ओळखायची एक सोपी खूण मिळते. केबल आत दाबून धरल्यावर चार्जिंग सुरू होत असेल, तर संशय कचऱ्यावर. केबल वर, खाली किंवा बाजूला कलती धरल्यावर चार्जिंग सुरू होत असेल, तर संशय झिजेवर किंवा तुटलेल्या जोडणीवर. ही खूण शंभर टक्के खरी नाही, पण दिशा अचूक दाखवते.

एका काउंटरवरचे दोन फोन

इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात हवेतच कापूस तरंगतो. तिथल्या एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात एका संध्याकाळी लागोपाठ आलेले दोन फोन पाहिले. तक्रार दोघांची एकच होती.

पहिला फोन मागावर काम करणाऱ्या माणसाचा. ‘दादा, पिन गेलीया. केबल ऱ्हातच न्हाई,’ म्हणत त्याने फोन काउंटरवर ठेवला. कारागिराने आधी फोनचं जाड कव्हर काढलं. कव्हरचं भोक अरुंद असेल, तर केबलचं प्लास्टिकचं डोकं त्याला अडतं आणि केबल पूर्ण बसत नाही. ते कारण सगळ्यात आधी बाद करायचं. मग ड्रॉवरमधली नवी केबल लावली. ती वर-खाली फारशी डुलली नाही, पण ‘टिक्’ झालं नाही आणि धातूच्या तोंडाची चकाकती रेघ बाहेर दिसत राहिली. तीच केबल त्याने शेजारच्या स्वतःच्या फोनला लावून दाखवली. तिथे रेघ गायब. दोन्ही फोन शेजारी-शेजारी धरल्यावर फरक गिऱ्हाइकालाही कळला.

फोन बंद करून, पोर्ट खाली येईल असा तिरका धरून त्याने प्लास्टिकची पातळ कोरणी आत घातली. मधल्या पट्टीला हात न लावता, बाहेरच्या भिंतीला चिकटून, आधी एका कोपऱ्यातून आणि मग दुसऱ्या. पहिल्या दोन-तीन खेपांना नुसतं पांढरं तूस आलं. त्यानंतर करड्या रंगाची, वळलेली, घट्ट चकती निघाली. पट्टीच्या दुसऱ्या अंगालाही तसलीच एक. नंतर कोरडा नायलॉनचा ब्रश फिरवला. नवी केबल घातली, ‘टिक्’ आवाज काउंटरपलीकडे ऐकू आला. पाच-सात मिनिटांचं काम.

दुसरा फोन पार्सल पोचवणाऱ्या मुलाचा. दिवसभर मोटारसायकलच्या हँडलवर स्टँडमध्ये, पॉवर बँकेची केबल लोंबकळलेली, रस्ता खड्ड्यांचा. इथे केबल पूर्ण आत गेली, चकाकती रेघ दिसली नाही. पण ती वर-खाली स्पष्ट हलत होती. कारागिराने केबल काढून उलटी फिरवून घातली. एका बाजूने चार्जिंग होत होतं, फिरवल्यावर होत नव्हतं. केबल बदलून पाहिली, तरी तेच. भिंगातून पाहिल्यावर मधली पट्टी एका बाजूला किंचित कललेली दिसली आणि कडेच्या एका ठिपक्यावरचा सोनेरी मुलामा जाऊन खालचा तांबूस धातू उघडा पडला होता. ‘ह्याला कोरून काय उपयोग न्हाई भाऊ, बोर्ड बदलायला लागंल,’ तो म्हणाला.

केबल फिरवून पाहण्याची ही परीक्षा लक्षात ठेवण्यासारखी आहे. टाइप-सीची केबल कशीही घातली तरी चालते, कारण फोनच्या पट्टीवर सीसीचे दोन ठिपके असतात, एक वर आणि एक खाली. केबल उलटली, की दुसऱ्या ठिपक्यावर काम चालतं. एका बाजूने चालून दुसऱ्या बाजूने चालत नसेल, तर त्या बाजूच्या ठिपक्यावर घाण, गंज किंवा झीज आहे. मात्र ही परीक्षा दोन वेगळ्या केबलींनी करायची. दोष केबलच्या एका ओळीतही असू शकतो.

घरी साफ करताना

आधी केबलची परीक्षा. तुमची केबल दुसऱ्या फोनला लावा, दुसरी धड केबल तुमच्या फोनला. तुमची केबल सगळीकडेच ढिली बसत असेल, तर केबल फेका, फोनला हात लावू नका. दोन्ही केबली फक्त तुमच्याच फोनमध्ये निसटत असतील, तर पुढे जा.

चार्जर काढून फोन बंद करा. भरपूर उजेड घ्या, दुसऱ्या फोनचा टॉर्च चालेल. हत्यार म्हणून लाकडी दातकोरणं घ्या, पण ते तसंच घालू नका. पोर्टाची भिंत आणि मधली पट्टी यांच्यातली जागा मिलिमीटरभरही नसते आणि दातकोरणं त्याच्या दुप्पट जाड असतं. ते जबरदस्तीने घातलं तर पट्टीच मोडेल. ब्लेडने त्याचं टोक दोन्ही बाजूंनी तासून कागदासारखं चपटं करा. फोनचं तोंड खाली ठेवा म्हणजे निघालेलं तूस बाहेर पडेल. रुंद भिंतीला लागून हलक्या हाताने तळापर्यंत जा आणि बाहेरच्या दिशेने ओढा. आत दाबायचं नाही. कोपरे जास्त जपून कोरा, कारण थर तिथेच जाड असतो. टोक पिंजलं की नवं घ्या, नाहीतर लाकडाची कुसळंच आत राहतील.

सुई, टाचणी, सेफ्टी पिन आणि सिमकार्ड काढायची पिन मात्र दूर ठेवा. ठिपक्यांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत अर्धा मिलिमीटर असतं आणि वीज आणणाऱ्या ठिपक्याच्या अगदी शेजारीच सीसीचा ठिपका असतो. धातूचं टोक या दोघांना जोडू शकतं. बंद फोनमध्ये तो धोका कमी असला, तरी सोन्याचा पातळ मुलामा एका ओरखड्यात जातो. तो गेला, की खालच्या धातूवर गंज चढतो आणि कचऱ्याचं साधं दुखणं खऱ्या झिजेत बदलतं. तोंडाने फुंकणंही नको, फुंकरीबरोबर थुंकीची वाफ आत जाते. सॅनिटायझर, रॉकेल, गंज सोडवायचा स्प्रे यांचाही इथे काही संबंध नाही. दुकानात वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल वेगळं. ते पाण्याशिवायचं असतं आणि ब्रशवर थेंबभर घेऊन लावतात.

साफ झाल्यावर पुन्हा टॉर्च मारा. तळ सगळीकडे एकाच पातळीवर आणि कोपरे स्वच्छ दिसले पाहिजेत. केबल घाला, ‘टिक्’ जाणवतो का पाहा, केबल फिरवून दोन्ही बाजूंनी चार्जिंग तपासा आणि गादीवरची टांगणीची परीक्षा पुन्हा घ्या. या सगळ्यात पास झाला तर दुखणं कचऱ्याचंच होतं.

फोन उघडावा लागतो तेव्हा

साफ करूनही केबल डुलत असेल, पट्टी कललेली किंवा तुटलेली असेल, पोर्टाचं धातूचं वेटोळंच फोनच्या आत हलत असेल, तर ते घरचं काम नाही. वेटोळं हलतं म्हणजे बोर्डावरचे टाके सुटले आहेत. समुद्रकाठच्या गावांत किंवा पावसात भिजलेला फोन तसाच चार्जिंगला लावल्यावर ठिपक्यांवर हिरवट गंज दिसतो. ओलसर पोर्टात वीज सोडली की गंज झपाट्याने चढतो. म्हणून पोर्टात ओल असल्याची सूचना आली, तर ती बाजूला सारून चार्जिंग करू नये, कोरडं होईपर्यंत थांबावं.

एका लक्षणाकडे मात्र अजिबात दुर्लक्ष करू नका : तापणं. ढिल्या जोडणीत विजेला अडथळा होतो आणि अडथळ्यातून उष्णता निघते. जोडणीत फक्त 0.1 ओहम अडथळा वाढला आणि केबलमधून 3 अँपिअर वीज वाहत असली, तर त्या तांदळाएवढ्या जागेत जवळजवळ 0.9 वॉट उष्णता तयार होते. पंख्याच्या मानाने हा आकडा किरकोळ, पण इतक्या लहान जागेतलं प्लास्टिक वितळवायला पुरेसा. केबलचं टोक बोट ठेवता येणार नाही इतकं तापत असेल, प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर ती केबल आणि तो पोर्ट दोन्ही वापरणं तिथेच थांबवा. वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर तेवढ्यापुरतं त्यावर भागवा.

बऱ्याच फोनमध्ये पोर्ट एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो. दुकानदार त्याला सबबोर्ड किंवा सीसी बोर्ड म्हणतात. तो बदलणं तुलनेने सोपं, कारण जुना काढून नवा जोडायचा. काही फोनमध्ये मात्र पोर्ट थेट मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेला असतो. तो गरम हवेच्या यंत्राने काढावा लागतो आणि हात कच्चा असेल तर शेजारचे भाग बिघडतात. तुमच्या फोनमध्ये काय आहे हे आधी विचारा आणि खर्च ठरवूनच फोन उघडायला द्या. सबबोर्डावर बहुधा माइकही असतो, म्हणून फोन परत घेताना एक कॉल करून आवाज पलीकडे नीट जातो का ते तपासा. फास्ट चार्जिंग लागतं का आणि केबल फिरवल्यावरही चालतं का, हेही तिथेच पाहा. हलक्या प्रतीच्या बोर्डावर साधं चार्जिंग होतं, फास्ट होत नाही. फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याचा दावा असेल, तर एकदा उघडल्यावर तो तसाच राहील असं धरून चालू नका. मागचं झाकण चिकटवणारा गोंद तुटलेला असतो.

पुढच्या वेळी केबल निसटू लागली, तर दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कराच : कव्हर काढा, दुसरी केबल लावा, धातूची रेघ बाहेर राहते का पाहा आणि टॉर्चने तळ तपासा. तरीही दुकानात जावं लागलं, तर ‘पिन बदला’ असं म्हणू नका. ‘आधी साफ करून दुसऱ्या केबलने तपासा, मग बोला’ असं सांगा. चांगला कारागीर तेच करतो. जो आत न पाहताच बोर्डाची किंमत सांगतो, त्याच्याकडून फोन परत घ्या.